एकच फंड, दोन साडू: ग्रोथ आणि डिव्हिडंड पेआउटचा चार वर्षांचा हिशेब

सांगलीतल्या दोन साडूंनी जून 2021 मध्ये एकाच दिवशी, एकाच म्युच्युअल फंडात प्रत्येकी 20 लाख रुपये टाकले. थोरले सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना पेन्शन नाही. एफडीचं व्याज आणि एका गाळ्याचं भाडं यांवर घर चालतं. धाकटे सरकारी नोकरीतून निवृत्त, पेन्शन भरभक्कम. फंड ॲग्रेसिव्ह हायब्रिड प्रकारातला, म्हणजे 65 ते 80 टक्के शेअर आणि उरलेले रोखे. कराच्या दृष्टीने तो इक्विटी फंडच धरला जातो. दोघांच्या फॉर्मवर फरक होता तो एका रकान्याचा. थोरल्यांनी डिव्हिडंड पेआउटवर खूण केली होती, धाकट्यांनी ग्रोथवर.

जुलै 2025 मध्ये थोरले, म्हणजे आमचे काका, रिटर्न भरायला आले ते तक्रार घेऊनच. "साडूची एनएव्ही 64 वर गेली आणि माझी 22 लासुद्धा टेकेना. त्याचे 20 लाखांचे 32 झाले, माझे 22 पण नाहीत. मला कुठला फंड गळ्यात मारलाय तो बघा जरा. शिवाय दर तिमाहीला 50 हजार यायला पाहिजेत तर 45च येतात."

पुढचा हिशेब त्या तक्रारीतून निघाला. दोघांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आकडे गोल केले आहेत, आणि चार वर्षांत बाजार एकसारख्या गतीने चढला असं धरलं आहे. बाजार असा शिस्तीत कधी चढत नाही, पण मुद्दा समजायला सरळ रेषा बरी.

पैसा एकाच भांड्यात

पहिली गोष्ट काकांना पटवायची होती ती ही, की फंड दोन नाहीतच. ग्रोथ आणि डिव्हिडंड या एकाच योजनेच्या दोन खिडक्या आहेत. फंड मॅनेजर एकच, शेअर तेच, त्यांचं प्रमाण तेच. योजनेने एखाद्या दिवशी अर्धा टक्का कमावला तर दोन्ही खिडक्यांची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, अर्धाच टक्का वाढते. मग 64 आणि 22 असा फरक का? ग्रोथमध्ये मिळालेला नफा आतच राहतो आणि एनएव्हीत साठत जातो. डिव्हिडंडच्या खिडकीतून तो वेळोवेळी बाहेर काढला जातो, म्हणून एनएव्ही दर वेळी तेवढी खाली येते. साडूंनी 40 रुपयांच्या एनएव्हीला 50,000 युनिट घेतली होती, काकांनी 20 रुपयांच्या एनएव्हीला 1,00,000 युनिट. गुंतवणुकीच्या दिवशीच दोन्ही एनएव्ही वेगळ्या होत्या, कारण आधीच्या वर्षांतले डिव्हिडंड काकांच्या खिडकीतून निघून गेलेले होते. 22 आणि 64 शेजारी ठेवून फंडाची पारख करता येत नाही.

काकांच्या स्टेटमेंटवर जून 2025 चा शेवटचा डिव्हिडंड होता, युनिटमागे 50 पैसे. तो दिवस आम्ही दोन्ही खिडक्यांतून पाहिला. आदल्या दिवशी ग्रोथची एनएव्ही 63.68 आणि डिव्हिडंडची 22.33. त्या दिवशी योजना अर्धा टक्का वर गेली. ग्रोथ झाली 64.00. डिव्हिडंडची व्हायला हवी होती 22.44, पण त्यातून 50 पैसे वजा होऊन छापली गेली 21.94. एक लाख युनिटांवर 50,000 रुपये काकांच्या नावे निघाले आणि त्यांच्या फोलिओतून तेवढेच कमी झाले. काका थोडा वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझाच पैसा मला दिला." हो, तसंच. एफडीचं व्याज मुद्दलाला हात न लावता वेगळं मिळतं, कंपनीचा डिव्हिडंड तिच्या धंद्याच्या नफ्यातून येतो. म्युच्युअल फंडाचा डिव्हिडंड तुमच्याच युनिटांच्या किमतीतून काढलेला असतो.

सेबीलाही लोकांचा हाच गैरसमज खटकत होता. म्हणून 1 एप्रिल 2021 पासून या पर्यायाचं नाव बदलून 'इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉल', थोडक्यात आयडीसीडब्ल्यू, करण्यात आलं. काकांच्या फॉर्मवर हे लांबलचक नाव होतंच, पण एजंटने तोंडी 'डिव्हिडंड'च सांगितलं आणि काकांनीही तेवढंच ऐकलं. बोलीत अजूनही तोच शब्द चालतो, मीही तोच वापरतो आहे.

आता 32 लाख विरुद्ध 21 लाख 94 हजार. ही तुलना मुळातच लंगडी, कारण काकांनी चार वर्षांत 16 तिमाह्यांचे मिळून 8 लाख रुपये घेतलेत आणि साडूंनी एक पैसाही काढलेला नाही. 21.94 मध्ये 8 मिळवले तर 29.94 लाख होतात. राहिलेला 2 लाख 6 हजारांचा फरक म्हणजे बाहेर काढलेले हप्ते आत राहिले असते तर त्यांनी जे कमावलं असतं ते. काकांनी ते पैसे घरखर्चात वापरले, औषधपाण्याला लागले. त्याला तोटा म्हणता येणार नाही.

खरी तुलना वेगळी आहे. काकांनी ग्रोथ घेऊन दर तिमाहीला 50,000 रुपयांची युनिटं विकली असती, म्हणजे ज्याला एसडब्ल्यूपी म्हणतात ती लावली असती, तर काय झालं असतं? करापूर्वीचं उत्तर असं की काहीही फरक पडला नसता. हातात तेच 8 लाख आले असते आणि फोलिओत तेच 21.94 लाख उरले असते. फरक उरतो तो करात आणि हप्ता कोण ठरवतो यात. या प्रकरणाचा जीव या दोनच गोष्टींत आहे.

9.94 लाखांचा नफा, दोन प्रकारे कापलेला

दोन्ही वाटांनी काकांचा एकूण नफा सारखाच: 29.94 वजा 20, म्हणजे 9.94 लाख. आयकर या नफ्याचे तुकडे कसे पाडतो ते बघा.

डिव्हिडंडच्या वाटेने हातात आलेले 8 लाख पूर्णच्या पूर्ण 'इतर स्रोतांतून मिळालेलं उत्पन्न' ठरतात आणि ज्या त्या वर्षी स्लॅबप्रमाणे करपात्र होतात. फोलिओत न विकलेला नफा उरतो फक्त 1.94 लाख.

एसडब्ल्यूपीच्या वाटेने प्रत्येक हप्ता म्हणजे युनिटांची विक्री. विक्रीत मुद्दल असतं आणि नफा असतो, आणि कर फक्त नफ्याला. चार वर्षांत 50,000 पैकी सुमारे 15,700 युनिटं विकली गेली असती. त्यांची खरेदी किंमत 40 रुपयांप्रमाणे सुमारे 6.29 लाख. म्हणजे 8 लाख हातात येऊनही आयकराच्या नजरेत नफा झाला 1.71 लाखांचा, तोही चार-पाच आर्थिक वर्षांत विभागून. बाकीचे 8.23 लाख न विकलेल्या युनिटांत, पुढे ढकललेले.

एका वाटेवर 8 लाख आज आणि 1.94 नंतर, दुसरीवर 1.71 आज आणि 8.23 नंतर. ग्रोथ करमुक्त आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ग्रोथमध्ये कर लांबतो आणि त्याचा दर बदलतो, एवढंच.

दर बदलतो तो असा. इक्विटी फंडाची युनिटं बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकली तर नफा दीर्घकालीन. 23 जुलै 2024 पासून अशा नफ्यातले वर्षाला पहिले सव्वा लाख मोकळे आणि त्यावर 12.5 टक्के. बारा महिन्यांच्या आत विकली तर 20 टक्के, आणि तिथे सव्वा लाखाची सूट नाही. त्या तारखेपूर्वी हे दर 10 आणि 15 टक्के होते आणि सूट एक लाखाची. काकांनी पहिल्या दिवसापासून एसडब्ल्यूपी लावली असती तर पहिल्या वर्षातल्या हप्त्यांवर अल्पकालीन कर लागला असता, पण त्या तीन हप्त्यांत नफाच जेमतेम साडेआठ हजार. कर तेराशेच्या आसपास. पुढच्या कोणत्याही वर्षात दीर्घकालीन नफा लाखाच्या वर गेला नसता, म्हणजे कर शून्य.

प्रत्यक्षात काय झालं? आर्थिक वर्ष 2024-25 मध्ये काकांचं व्याज आणि भाड्याचं करपात्र उत्पन्न 9 लाख आणि डिव्हिडंड 2 लाख. नव्या करप्रणालीत 9 लाखांवर कर येतो 40,000, तर 11 लाखांवर 65,000. म्हणजे 2 लाखांच्या डिव्हिडंडने 25,000 रुपये कर वाढवला, सेस धरून 26,000. एसडब्ल्यूपीतून तेच 2 लाख घेतले असते तर नफा निघाला असता सुमारे 65,000 आणि कर काहीच नाही.

'50 हजारांचे 45 का' याचंही उत्तर इथेच. डिव्हिडंड वर्षाला ठराविक मर्यादेवर गेला की फंड 10 टक्के टीडीएस कापून उरलेले देतो. ही मर्यादा आधी 5,000 होती, 1 एप्रिल 2025 पासून 10,000 आहे. काकांचे वर्षभरात 20,000 असे कापले गेले होते. ते बुडालेले नव्हते, फॉर्म 26एएसमध्ये दिसत होते आणि रिटर्नमध्ये वळते झाले. निवासी गुंतवणूकदाराने ग्रोथची युनिटं विकली तर मात्र टीडीएस कापत नाहीत.

एजंटने काकांना 2021 मध्ये "डिव्हिडंड टॅक्स-फ्री असतो" असं सांगितलं होतं. हे वाक्य एकेकाळी खरं होतं, निदान दिसायला. मार्च 2020 पर्यंत डिव्हिडंड वितरण कर असलाच तर तो फंडच भरायचा आणि गुंतवणूकदाराच्या हातात आलेली रक्कम करमुक्त असायची. 1 एप्रिल 2020 पासून तो कर गेला आणि डिव्हिडंड थेट गुंतवणूकदाराच्या उत्पन्नात मोजला जाऊ लागला. कायदा बदलला, विक्रीचं वाक्य तेच राहिलं.

काकूंची एफडी

त्याच स्टेटमेंटमध्ये काकूंच्या नावाची एक नोंद सापडली आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी तीच. मार्च 2025 मध्ये त्यांची 5 लाखांची एफडी सुटली. एजंट म्हणाला, पुढच्या आठवड्यात डिव्हिडंडची रेकॉर्ड डेट आहे, त्या दिवशी ज्याच्या नावे युनिट त्याला डिव्हिडंड, लगेच टाका. 22.20 ने 22,522 युनिट मिळाली आणि आठवड्याभरात युनिटमागे 50 पैशांनी 11,261 रुपये जाहीर झाले. काकू खूश. आठ दिवसांत सव्वादोन टक्के!

पण एनएव्ही त्याच दिवशी 50 पैशांनी उतरली. फंडाने त्या आठवड्यात फारसं काही कमावलेलंच नव्हतं. एखादा माणूस 22.20 रुपये देऊन युनिट घेतो तेव्हा त्या किमतीत आधीच्या गुंतवणूकदारांच्या काळात फंडाने वसूल केलेल्या नफ्याचाही वाटा असतो. तेवढा भाग 'इक्वलायझेशन रिझर्व्ह' नावाच्या खात्यात जमा होतो आणि त्यातूनही डिव्हिडंड वाटता येतो. म्हणजे काकूंना मिळालेल्या 11,261 मधला बराचसा पैसा त्यांनीच आठवड्यापूर्वी भरलेला होता. वाटलेल्या रकमेत उत्पन्न किती आणि भांडवल किती हे एकत्रित स्टेटमेंटमध्ये वेगळं दाखवावं, असा सेबीचा नियम याच कारणासाठी आहे. टीडीएस आणि करपात्र उत्पन्न मोजताना मात्र हा भेद उपयोगी पडत नाही. 11,261 च्या 11,261 डिव्हिडंड म्हणूनच नोंदले जातात. काकूंना दुसरं मोठं उत्पन्न नसल्यामुळे कर लागला नाही, पण 1,126 रुपयांचा टीडीएस परत मिळवायला त्यांचं स्वतंत्र रिटर्न भरावं लागलं. 30 टक्क्यांच्या स्लॅबमधल्या कुणी हेच केलं असतं तर स्वतःचेच पैसे परत घेऊन त्यावर साडेतीन हजार कर भरला असता. रेकॉर्ड डेट जवळ आली की खरेदीची घाई करू नये, उलट ती उलटू द्यावी.

मग ग्रोथच घ्यायचं ना?

इथपर्यंत ऐकून काका म्हणाले, "मग आजच बदला." मी थांबायला सांगितलं, कारण 2025-26 पासून गणित उलटं फिरतं.

2025-26 मध्ये नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या एकूण उत्पन्नावर कलम 87ए ची सूट मिळून कर शून्य होतो. डिव्हिडंड हे साधं स्लॅबचं उत्पन्न असल्याने त्यालाही ही सूट लागू. काकांचं उत्पन्न 9 आणि 2 मिळून 11 लाख, म्हणजे ज्या डिव्हिडंडवर गेल्या वर्षी 26,000 गेले त्यावर या वर्षी शून्य. आपल्याला कर लागत नाही असं लिहून देणारा फॉर्म 15एच फंडाकडे वेळेत दिला की टीडीएसही कापला जात नाही. कर शून्य आहे का हे बघताना 87ए ची सूट धरायला या फॉर्मात परवानगी आहे. उलट इक्विटी फंडाच्या भांडवली नफ्याला ही सूट मिळत नाही. सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के भरावेच लागतात, तुमचं बाकीचं उत्पन्न 4 ते 12 लाखांच्या दरम्यान असून त्यावर कर शून्य असला तरी. 'ग्रोथ म्हणजे कमी कर' हे वाक्य काकांच्या उत्पन्न गटाला या वर्षी लागूच पडत नाही. तिथे डिव्हिडंड आणि माफक एसडब्ल्यूपी दोन्हींवर कर शून्यच.

तरीही बदल करायचं ठरलं, ते दोन कारणांनी.

पहिलं कारण गाळा. नव्या कराराने एप्रिल 2026 पासून काकांच्या करपात्र भाड्यात दीड लाखांची भर पडणार आहे. मग बाकीचं उत्पन्न 10.5 लाख, आणि 2 लाख डिव्हिडंड मिळवला की 12.5. सध्याचेच दर पुढे राहिले असं धरलं तर 12.5 लाखांवर स्लॅबने कर होतो 67,500. मर्यादा थोडी ओलांडणाऱ्यांसाठी असलेल्या सवलतीमुळे तो 12 लाखांच्या वरच्या रकमेइतका, म्हणजे 50,000 वर थांबतो, सेससह 52,000. वरकड 50,000 चे 50,000 सरकारजमा, वर सेस पदरचा. हाच घरखर्च एसडब्ल्यूपीतून काढला तर उत्पन्नात भर पडते फक्त विक्रीतल्या नफ्याची. नव्याने घेतलेल्या युनिटांत तो सुरुवातीला अगदी थोडा असतो, आणि एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत राहतं.

दुसरं कारण हप्त्याची खात्री. डिव्हिडंड किती आणि कधी, हे फंडाचे विश्वस्त ठरवतात. तो फक्त वसूल झालेल्या नफ्याच्या शिलकीतून देता येतो; न विकलेल्या शेअरांची कागदी वाढ वाटता येत नाही. बाजार दीर्घकाळ पडला आणि शिल्लक आटली की हप्ता कमी होतो किंवा बंद होतो. 2015 ते 2017 च्या तेजीत बॅलन्स्ड फंड 'दरमहा एक टक्का डिव्हिडंड' म्हणून निवृत्तांना सर्रास विकले गेले. 2018 च्या अर्थसंकल्पाने इक्विटी फंडांच्या डिव्हिडंडवर 10 टक्के वितरण कर लावला, बाजारही डळमळला, आणि ज्यांनी तो हप्ता पेन्शन समजून महिन्याचा खर्च त्यावर बसवला होता त्यांची पंचाईत झाली. एसडब्ल्यूपीत रक्कम आणि तारीख तुम्ही ठरवता. त्याची दुसरी बाजूही काकांना सांगितली. एसडब्ल्यूपी शिलकीची वाट बघत नाही. बाजार पडलेला असला तरी ती युनिटं विकतच राहते, आणि फंड सहा टक्के कमावत असताना दहा टक्के काढले तर मुद्दल खात जाते. काका सुरुवातीच्या मुद्दलाच्या 10 टक्के काढत होते. चार वर्षं बाजार चांगला होता म्हणून ते पचलं. आता तो आकडा तिमाहीला 40,000 वर आणायचा विचार चालू आहे. काकूंचा त्याला विरोध आहे आणि त्यांच्याकडे किराण्याची वही आहे, त्यामुळे निकाल काय लागेल सांगता येत नाही.

स्विच दोन तुकड्यांत

एकाच योजनेत डिव्हिडंडमधून ग्रोथमध्ये जाणं फॉर्मवर साधं वाटतं, पण आयकराच्या दृष्टीने ती विक्री आणि नवी खरेदी आहे. नफ्यावर कर लागू शकतो, आणि नव्या युनिटांचे बारा महिने पहिल्यापासून मोजले जातात. पुष्कळ लोक हे विसरतात.

काकांनी सगळी युनिटं एकदम बदलली असती तर दीर्घकालीन नफा 1.94 लाख, सव्वा लाख वजा जाता 69,000 वर 12.5 टक्के, सेससह 8,970 रुपये. म्हणून अर्धी युनिटं जुलै 2025 मध्ये बदलली आणि अर्धी एप्रिल 2026 साठी ठेवली. एनएव्ही 21.94 च्याच आसपास होती. 50,000 युनिटांची किंमत 10.97 लाख, नफा 97,000, सव्वा लाखाच्या आत, कर शून्य. विक्रीवरचा एसटीटी हा छोटा कर गेला 11 रुपये आणि नव्या खरेदीवर मुद्रांक शुल्क 55 रुपये. या फंडात एकाच योजनेतल्या पर्यायबदलाला एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडण्याचं शुल्क, नव्हता, पण ते योजनेच्या कागदपत्रांत बघूनच घ्यावं.

या वर्षाचं एकूण उत्पन्नही मोजून पाहिलं, कारण 12 लाखांची मर्यादा तपासताना भांडवली नफाही त्यात धरला जातो, मग त्यावर कर लागो न लागो. 9 लाख, जूनचा पूर्ण डिव्हिडंड 50,000, उरलेल्या अर्ध्या युनिटांचे तीन हप्ते मिळून 75,000 आणि स्विचचा नफा 97,000. बेरीज 11.22 लाख. बसतंय. पुढच्या वर्षी 10.5 लाखांत दुसऱ्या स्विचचा लाखभर नफा मिळवला तरी साडेअकराच्या आसपास. बाजार फार चढला तर एप्रिलचा स्विच पुन्हा दोन वर्षांत विभागावा लागेल.

जुलैच्या स्विचमधून 64 रुपयांच्या दराने सुमारे 17,140 ग्रोथ युनिट आली. त्यांवर सप्टेंबरपासून तिमाहीला 25,000 ची एसडब्ल्यूपी लावली. उरलेले 25,000 डिव्हिडंडमधून येतात. नवीन युनिटांना बारा महिने झालेले नसल्याने या विक्रीवर 20 टक्के कर आहे. पण 64 चं युनिट 65.28 ला विकलं तर 25,000 मध्ये नफा निघतो 490 रुपयांचा आणि कर सेससह 102 रुपये. या 102 रुपयांसाठी वर्षभर थांबायचं का, असं काकांनी विचारलं. थांबायचं असतं तर खर्च कुठून भागवला असता?

काकूंची 5 लाखांची युनिटं मात्र आम्ही डिव्हिडंडमध्येच ठेवली. त्यांचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे हाच डिव्हिडंड, वर्षाला 45,000 च्या घरात, त्यामुळे तो थोडा वाढला तरी कर लागत नाही आणि स्विचने साधणार काहीच नाही. 15एच भरला आणि विषय संपला. डेट फंडांत तर 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या युनिटांचा नफाही स्लॅबनेच मोजतात, त्यामुळे तिथे दराचा फायदा नाही. ग्रोथमध्ये मिळतो तो फक्त कर लांबवण्याचा.

राहिले साडू. त्यांचं करपात्र उत्पन्न 14 लाख. या हिशेबानंतर घराच्या गळक्या स्लॅबचं काम काढलं तेव्हा त्यांनी 2 लाखांसाठी 3,125 युनिटं विकली. खरेदी 1.25 लाखांची, नफा 75,000, कर शून्य. हेच 2 लाख डिव्हिडंड म्हणून आले असते तर 15 टक्के आणि सेस मिळून 31,200 गेले असते. त्यांना ग्रोथ पूर्ण मानवलं आहे, पण त्यांच्याही फोलिओत युनिटमागे 24 रुपयांचा न विकलेला नफा बसून आहे. तो वारसांकडे गेला तरी पुसला जात नाही. युनिटं नावावर होताना कर नाही, मात्र पुढे विकताना मुलांना 40 रुपये हीच खरेदी किंमत धरावी लागेल. 2025-26 च्या सव्वा लाखांतले 50,000 त्यांचे अजून शिल्लक आहेत. मार्च 2026 च्या आत 64 च्या आसपास 2,083 युनिटं विकून लगेच परत घेतली तर तेवढा नफा कर न भरता मोकळा होईल आणि पुढे कधीतरी साडेसहा हजार रुपये वाचतील. बदल्यात त्या युनिटांना नव्याने बारा महिने आणि एक्झिट लोडची मुदत लागेल. एवढी यातायात करायची का, हे त्यांचं अजून ठरलेलं नाही.